काळ्या मातीवरचे घर

विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल उलटला की भारी जमिनीला भेगा पडतात. पूर्णेच्या खोऱ्यात तर या भेगा इतक्या रुंद असतात की त्यांत सहज हात जातो, आणि लांब काठी घातली तरी तळ लागत नाही. शेतकऱ्याला याचे नवल वाटत नाही. पहिले दोन-तीन पाऊस झाले की जमीन पुन्हा मिटते आणि पेरणीला तयार होते. पण त्याच गावात, त्याच मातीवर बांधलेल्या सिमेंट-विटांच्या घरालाही त्याच महिन्यांत तडे जातात आणि श्रावण-भाद्रपदात दाराची झडप चौकटीत अडकू लागते, तेव्हा मात्र दोष गवंड्याला दिला जातो, सिमेंटला दिला जातो, विटा कच्च्या होत्या असे म्हटले जाते. कधी ते खरेही असते. बहुतेक वेळा मात्र शेताला आणि भिंतीला पडलेली भेग एकाच कारणाची असते. घराखालची माती वर्षभर आपले आकारमान बदलत असते आणि घराला तो बदल सोसत नाही.

ही माती आली बेसॉल्टमधून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. त्या काळ्या कातळात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर आहे. कातळ झिजून माती होताना पुढे काय घडणार, हे पाऊस किती पडतो आणि पाणी किती वेगाने निघून जाते यावर ठरते. कोकणात पाऊस एवढा पडतो की ही द्रव्ये वाहून जातात आणि मागे लोह-ॲल्युमिनियमचा तांबडा जांभा उरतो. घाटमाथा ओलांडून देशावर आले की पाऊस कमी, उन्हाळा लांब, सखल भागात पाणी साचून राहते. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम मातीतच राहतात आणि त्यांच्या संगतीत एक वेगळेच चिकणखनिज तयार होते. त्याचे नाव मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावाजवळ ते प्रथम ओळखले गेले, म्हणून हे नाव. कोकणी माणसाने जांभ्याच्या चिऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंत घरे बांधली. त्याच कातळापासून झालेल्या देशावरच्या मातीवर मात्र ती निश्चिंती नाही.

मॉन्टमोरिलोनाइटचा एक कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. पापडांची चळत ठेवावी तसे हे पापुद्रे एकावर एक असतात, आणि प्रत्येकाची जाडी जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या पापुद्र्यांत ॲल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियमने घेतलेल्या असतात. त्यामुळे पापुद्र्यावर थोडा ऋण विद्युतभार राहतो, आणि तो भार भागवण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मधे कॅल्शियम किंवा सोडियमचे धनभारित आयन अडकून बसतात. या आयनांना पाण्याची ओढ फार. माती ओली झाली की पाण्याचे रेणू पापुद्र्यांच्या मधे शिरतात आणि आयनांभोवती गोळा होतात. आधी पाण्याचा एक थर बसतो, मग दुसरा, मग तिसरा. पूर्ण कोरड्या कणात पापुद्रा आणि त्याच्यालगतचे अंतर मिळून एक नॅनोमीटर भरत असेल, तर पाण्याचे तीन थर शिरल्यावर ते जवळपास दोन नॅनोमीटर होते. आयन कॅल्शियमचे असतील तर तो पापुद्र्यांना दोन्हीकडून धरून ठेवतो आणि फुगणे बरेचसे इथेच थांबते. सोडियमची पकड सैल. तिथे पापुद्रे एकमेकांपासून सुटत जातात आणि माती कितीतरी अधिक फुगते.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा म्हणूनच बांधकामासाठी अधिक अवघड. पूर्णा नदीच्या गाळाचा तो प्रदेश, तिथे भूजल खारट, आणि मातीत सोडियमचे प्रमाण जास्त. इतर ठिकाणी काळ्या मातीखाली काही हातांवर मुरूम लागतो. खारपाणपट्ट्यात मात्र खोदत गेले तरी चिकणमातीच लागत राहते.

अशा मातीचा एक ग्रॅम घेतला आणि त्यातल्या सगळ्या पापुद्र्यांचे पृष्ठ पसरून मोजले, तर शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या बाबतीत ते सात-आठशे चौरस मीटर भरते. वाळूच्या कणांना असे आतले पृष्ठ नसतेच. वाळूत पाणी कणांच्या मधल्या पोकळीत शिरते आणि निघून जाते, कण जागचे हलत नाहीत. काळ्या मातीत पाणी कणाच्या आत शिरते आणि कणालाच मोठा करते. उन्हाळ्यात ते निघून गेले की कण आकसतात, चहूबाजूंनी ताण येतो आणि जमीन फाटते. भेगा पडल्या की उन्हाची झळ त्यांतून आणखी खोल जाते आणि खालची मातीही सुकते.

आपल्या प्लॉटची माती किती फुगरी आहे हे पाहण्याची एक परीक्षा इतकी साधी आहे की ती प्रत्येक घर बांधणाऱ्याने एकदा डोळ्यांनी पाहावी असे मला मनापासून वाटते. भारतीय मानकांत ती ‘फ्री स्वेल इंडेक्स’ या नावाने दिली आहे. माती भट्टीत वाळवायची, बारीक करून 425 मायक्रॉनच्या चाळणीने चाळायची आणि दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या दोन उभ्या मोजपात्रांपैकी एकात रॉकेल भरायचे, दुसऱ्यात शुद्ध पाणी. दोन्हींत माती सोडायची, ढवळून अडकलेली हवा काढून टाकायची आणि चोवीस तास ती हलवायची नाहीत. रॉकेलला पापुद्र्यांच्या मधे शिरता येत नाही, त्यामुळे तिथे माती न फुगता तळाशी बसते, समजा दहा मिलिलिटरच्या खुणेपर्यंत. पाण्यातली माती मात्र वर चढत जाते. दुसऱ्या दिवशी ती वीस मिलिलिटरवर दिसली तर तिचे आकारमान दुप्पट झाले, म्हणजे निर्देशांक शंभर टक्के. मानकाप्रमाणे पन्नासच्या आत असेल तर फारशी चिंता नाही, शंभरपुढे गेला तर पायाचा वेगळा विचार हवा, आणि दोनशेपुढे माती अतिशय धोक्याची. कोणत्याही माती-परीक्षण प्रयोगशाळेत ही परीक्षा होते, आणि घराच्या एकूण खर्चात तिचा खर्च नगण्य असतो.

तरीही माती फुगते म्हणून घर फुटते असे म्हणणे अपुरे आहे. सगळी जमीन एकसारखी दोन बोटे वर गेली आणि एकसारखी खाली आली असती, तर घरही तिच्याबरोबर वर-खाली झाले असते आणि कोणाला कळलेही नसते. भिंत फाटते ती एक कोपरा खाली जाताना मधला भाग जागेवर राहतो किंवा वर येतो म्हणून. आणि हा फरक निर्माण करण्यात घराचा स्वतःचाच मोठा हात असतो.

बांधकाम बहुधा दिवाळीनंतर सुरू होते आणि पाया पौष ते चैत्राच्या दरम्यान भरला जातो. त्या वेळी वरची माती कोरडी, आकसलेली असते. तिच्यावर घर उभे राहिले की तेवढ्या जमिनीवरचे ऊन आणि वारा बंद होतो, झाडाझुडपांच्या मुळांचे शोषणही थांबते. खालच्या ओलाव्याचे वर येणे मात्र चालूच राहते. जो ओलावा पूर्वी उन्हाने उडून जायचा तो आता फरशीखाली अडकतो. काही वर्षांत घराच्या मध्याखालची माती सावकाश ओली होऊन कायमची फुगते. घराच्या कडांची कथा वेगळी. तिथे दर पावसाळ्यात पाणी मुरते आणि दर उन्हाळ्यात ते उडून जाते. मधला भाग उंचावून स्थिर आणि कडा दर वर्षी वर-खाली, अशा अवस्थेत घर राहते. उन्हाळ्याच्या शेवटी चारही कोपरे खाली ओढले जातात आणि मधला भाग टेकूसारखा उभा असतो. तडे त्याच वेळी रुंदावतात.

घराचे वजन मातीला दाबून का ठेवत नाही, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. नऊ इंची विटांची, तीन मीटर उंच भिंत घ्या. तिचे वजन दर धावत्या मीटरला सुमारे सव्वा टन. तिच्यावर टेकलेल्या स्लॅबचा भाग एक टनाच्या आसपास, जोते आणि पायाचे बांधकाम आणखी एक टन. सगळे मिळून सव्वातीन टन. पाया नव्वद सेंटिमीटर रुंद असेल तर मातीवरचा दाब दर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या जवळपास येतो. फुगू पाहणाऱ्या काळ्या मातीला हालचाल करू दिली नाही तर तिचा वर ढकलण्याचा दाब दर चौरस मीटरला दहा-वीस टनांपर्यंत सहज जातो. शिवाय भिंतीचा भार जसजसा खोल जातो तसतसा पसरून विरळ होतो. दोन मीटर खालच्या मातीला वरच्या घराची जाणीव फारशी राहत नाही. एकमजली घर मातीच्या मानाने हलके असते, एवढाच याचा अर्थ. तीन-चार मजली इमारतीच्या खांबांखाली हा दाब पंधरा-वीस टनांपर्यंत जातो, म्हणून ती इमारत बरेचदा टिकून राहते आणि तिच्याच आवाराची भिंत, पोर्च आणि तळमजल्याची फरशी मात्र फुटते.

किती फरक पुरतो? तीन मीटर लांबीच्या खोलीच्या एका टोकापेक्षा दुसरे टोक एक सेंटिमीटर खाली गेले तर उतार तीनशेत एक होतो. खांब-तुळयांच्या सांगाड्यात भरलेल्या भिंतींनाही या टप्प्यावर तडे दिसू लागतात. नुसत्या विटांच्या भारवाही भिंतीला, विशेषतः तिची टोके खाली जात असतील तर, याच्या निम्मा फरकही सोसत नाही. आणि खारपाणपट्ट्यातली माती एका वर्षात कडेला कित्येक सेंटिमीटर हलू शकते.

हे सगळे तड्यांत वाचता येते. मातीच्या हालचालीचा तडा बहुधा तिरपा असतो आणि खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघतो, कारण भिंत तिथेच सर्वांत कमकुवत. चुन्या-सिमेंटच्या सांध्यांतून तो पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. तो वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर भिंतीचे टोक खाली गेले आहे. खाली रुंद आणि वर निमुळता असेल तर मधला भाग खचला आहे किंवा कडा वर उचलल्या गेल्या आहेत. फरशी खोलीच्या मध्यभागी उंचावलेली आणि भिंतीकडे उतरती वाटली तर मध्याखाली ओलावा साचतो आहे. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक रेषा किंवा स्लॅबखालची आडवी फट ही वेगळी प्रकरणे, एक गिलावा आकसण्याचे आणि दुसरे स्लॅब उन्हाने तापण्याचे. त्यांचा पायाशी संबंध नसतो. खात्रीची खूण एकच: तडा ऋतूप्रमाणे उघडतो आणि मिटतो का? तड्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक खिळा पक्का बसवावा, त्यांच्यातले अंतर दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजून वहीत लिहावे. तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख टाकावी. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला की वहीतले आकडे सांगतील की माती हलते आहे की जुनी खचण थांबून गेली आहे.

नवे घर बांधताना सर्वांत चांगला उपाय जुनाच आहे. जिथे मुरूम किंवा कातळ आवाक्यात आहे तिथे काळी माती पूर्ण खोदून पाया त्यावर टेकवावा. पूर्वी गावठाण पांढरीवर आणि शेती काळीवर अशी वाटणी असायची, आणि घरे बहुधा उंचवट्यावर, निचऱ्याच्या जागी बसायची. आता गावे आणि शहरे वाढून काळ्या रानांचे प्लॉट पडत आहेत, त्यामुळे हा प्रश्न घरोघर पोहोचला आहे.

मुरूम फार खोल असेल तर काय करायचे, इथे एक चूक वारंवार होते. खड्डा खोदून त्यात वाळू किंवा सैल मुरूम भरतात आणि त्यावर पाया घेतात. वाळू फुगत नाही, म्हणून हे योग्य वाटते. पण चहूबाजूंना चिकणमाती आणि मधे वाळू, असा तो हौदच तयार होतो. पावसाचे पाणी वाळूतून झरझर खाली उतरते, बाहेर जायला वाट नसते, आणि ते महिनोन्‌महिने तळाच्या व बाजूच्या काळ्या मातीला पाजत राहते. पाया ज्या मातीपासून वाचवायचा होता तिलाच आपण पाणी पुरवतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षे प्रयोग करून या कल्पनेला दुसरी दिशा दिली. भराव न फुगणारा तर हवाच, पण चिकटपणा असलेलाही हवा, असे त्यांनी दाखवले. थोडी न फुगणारी चिकणमाती असलेला मुरूम थराथराने, बेताचे पाणी मारून आणि दाबून सुमारे एक मीटर जाडीचा बसवला की खालच्या काळ्या मातीचे फुगणे पुष्कळच रोखले जाते. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या अस्तराखाली हे तंत्र वापरले गेले आणि पुढे कालव्यांसाठीच्या भारतीय मानकांत आले. घरांसाठीही हाच नियम: भरावात पाणी साचता कामा नये आणि तो नीट दाबलेला असावा.

काळा थर खोल आणि माती फार फुगरी असेल तर घर मातीच्या हलत्या थराखाली अडकवून ठेवणारा पाया लागतो. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत विकसित झालेला अंडर-रीम्ड पाइल हा तोच. साध्या ऑगरने तीस सेंटिमीटर व्यासाचे भोक साडेतीन मीटरपर्यंत घेतात. ही खोली अंदाजाने निवडलेली नाही. आपल्याकडे काळ्या मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे साधारण तेवढ्याच खोलीपर्यंत बदलतो आणि त्याखाली माती बारमाही स्थिर असते. मग मिटलेल्या छत्रीसारखे अवजार आत सोडून फिरवतात. त्याची पाती पसरतात आणि तळाशी भोकाच्या अडीचपट, म्हणजे पंच्याहत्तर सेंटिमीटर रुंदीची फुगवटी कोरली जाते. सळया घालून काँक्रीट भरले की तळाशी कंद असलेला खांब तयार होतो. पावसाळ्यात वरची माती फुगून खांबाला धरते आणि वर ओढते. त्या ओढीला खालचा कंद अडवतो. म्हणूनच सळया तळापर्यंत गेल्या पाहिजेत. वरच्या अर्ध्याच भागात सळया घातल्या तर खांब मधेच ताणून तुटू शकतो. या खांबांवर तुळई घेऊन तिच्यावर भिंत उभारतात, आणि तुळईच्या खाली मातीपासून किमान आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवतात. ही फट पुढे माती फुगून वर येण्यासाठी असते. घर राहायला आल्यावर अनेकदा ती विटांनी किंवा मातीने बुजवली जाते, उंदीर-साप शिरतील म्हणून. ती भीती खरी आहे, पण फटीच्या तोंडावर बाहेरून पातळ पत्रा किंवा तुकडा-फरशी उभी करून ती भागते. फट भरली तर माती पुन्हा तुळईला ढकलते आणि एवढ्या खर्चाच्या पायाचा उपयोग उरत नाही.

आधीच उभ्या असलेल्या घरासाठी काम पाण्यापासून सुरू करावे. मोरीचा गळका पाइप, जोत्याशी टेकून केलेला शोषखड्डा, छताचे पाणी भिंतीलगत पाडणारी पन्हाळ, पायाला लागून लावलेले फुलझाडांचे वाफे: यांतले एकही कारण घराच्या एका कोपऱ्याखालची माती बारमाही ओली ठेवायला पुरेसे असते. घराच्या चारही बाजूंनी दीड-दोन मीटर रुंदीचा, बाहेर उतरता काँक्रीटचा पट्टा केला तर कडेच्या मातीतला ओलावा उन्हाळ्या-पावसाळ्यात फारसा बदलत नाही. कडा हलायच्या थांबतात, आणि बरेच तडे पुढे वाढत नाहीत. मोठ्या झाडांच्या बाबतीत, झाडाच्या पूर्ण वाढलेल्या उंचीइतके अंतर घर आणि झाड यांत ठेवावे. उन्हाळ्यात त्यांची मुळे पायाखालचे पाणी ओढून तिथली माती अधिकच आकसवतात. घराशेजारी आधीच मोठे झाड असेल तर मात्र ते एकाएकी तोडू नये. त्याने वर्षानुवर्षे सुकवलेली माती पाणी परत मिळताच फुगू लागते, आणि ही फुगण्याची क्रिया पुढे काही वर्षे चालते. फांद्या छाटून झाडाची तहान कमी करणे आणि झाड व पाया यांच्या मधे जमिनीत उभा अडसर घालणे हे मार्ग अधिक सुरक्षित.

तडे बुजवण्याची घाई वैशाखात करू नये. तेव्हा फट सर्वांत रुंद असते. तिच्यात घट्ट सिमेंट मसाला भरला की पावसाळ्यात भिंत मिटायला पाहते आणि मसाला तिला मिटू देत नाही. मग ढकलली गेलेली भिंत शेजारी नवा तडा पाडते. पुढच्या उन्हाळ्यात तो भरला की आणखी एक. वहीतले आकडे वर्षभर जवळपास स्थिर झाल्यावरच कायमची दुरुस्ती करावी. तोपर्यंत पाणी आत येऊ नये एवढ्यासाठी लवचीक सीलंट पुरते. मग तड्याच्या दोन्ही बाजूंचा गिलावा हातभर काढून, काही ठिकाणी विटांच्या सांध्यांत आडव्या सळया बसवून, जाळी लावून नवा गिलावा करतात.